जिन्याजवळची जागा

त्या सकाळी माझ्या सायकलीच्या पुढ्यात जीप उभी होती. मागं भिंत, डाव्या हाताला जिना, उजवीकडं कुणाची तरी स्कूटर, आणि पुढं ती जीप. मी सायकलीवर बसलेलो, दोन्ही हात पायडलवर, आणि जायला वाट नाही.

सायकल म्हणजे हातानं फिरवायची तीनचाकी. दौंडच्या यार्डात मी शंटर होतो. डबे जोडताना एकदा पाय घसरला, आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. डाव्याचा निम्मा पंजा गेला. कुबड्यांवर मी दहा-बारा पावलं टाकू शकत होतो, तीही सपाट फरशीवर. रेल्वेनं मला काढलं नाही, पार्सल ऑफिसात बैठं काम दिलं. पण ते कायमचं नव्हतं. दर वर्षी डॉक्टरांपुढं उभं राहायचं आणि साहेबानं माझ्याबद्दल दोन ओळी लिहायच्या. त्या दोन ओळींवर माझं घर उभं होतं.

घर म्हणजे आमच्या सोसायटीतला तळमजल्यावरचा, जिन्याशेजारचा गाळा. अपघाताच्या आधीच आम्ही सोळा नोकरदारांनी मिळून ही सोसायटी केली होती. कुणी रेल्वेतले, कुणी शाळेतले, कुणी पोस्टातले. तीन मजली इमारत आणि पुढं मोकळं अंगण. तेव्हा सोळा जणांत मिळून दोन स्कूटरी आणि बाकी सायकली. अंगण एवढं मोठं वाटायचं की बायका तिथं पापड वाळत घालायच्या. गाड्यांसाठी नियम करावा हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पोटनियमांची छापील पुस्तिका होती, तीत गाड्यांबद्दल एक ओळ नव्हती.

मग चार-पाच वर्षांत चित्र पालटलं. नंबर लावून बसलेल्यांच्या स्कूटरी एकेक करून आल्या. एकानं मोटारसायकल घेतली, एकानं जुनी फियाट. चेअरमननी जीप आणली. ज्याची गाडी आधी आली त्यानं जिन्याजवळची जागा धरली आणि चुन्याची फक्की ओढून ती आपली केली. त्यात पाहुणे. आमच्या चेअरमनांचं गाव शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या बाजूला. मोठं शेतकरी घराणं, माणसांचा राबता मोठा. बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडच्या दोन-दोन जीपा आणि एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आमच्या अंगणात लागायचा. इतरांकडेही बैलगाडीनं माणसं यायची. बैल सोडून जिन्याच्या कठड्याला बांधायची.

माझी तीनचाकी दारातून आत जात नव्हती. चौकट अरुंद आणि उंबऱ्याला दोन पायऱ्या. म्हणून ती जिन्याच्या कडेला भिंतीशी उभी असायची. ती कुणाच्या लेखी गाडी नव्हती. कुंडी किंवा बादली सरकवावी तशी लोक ती सरकवायचे.

तर त्या सकाळी माझी बायको जिना चढून चेअरमनांच्या दारात गेली. पाहुणे अंघोळीला नदीवर गेले होते आणि किल्ली ड्रायव्हरजवळ. ड्रायव्हर चहाला स्टेशनवर. ती धावत स्टेशनवर गेली. मी तिथंच बसून राहिलो. आठचा भोंगा झाला. मी जीपच्या बॉनेटवर हात आपटला, मग मलाच माझी लाज वाटली. पाऊण तासानं ती घामाघूम होऊन ड्रायव्हरला घेऊन आली.

ऑफिसात साहेबानं मस्टर माझ्यापुढं सरकवलं. “हे तिसऱ्यांदा झालं. मला लेखी द्यावं लागेल.”

“साहेब, जीप आडवी होती.”

“मी तुमच्या अंगणातली जीप कशी हलवू? उद्या डॉक्टर विचारतील, हा माणूस वेळेवर येऊ शकतो का. मी काय लिहू?”

दुपारी मेमो हातात पडला. घरी येऊन मी तो बायकोला वाचून दाखवला नाही. तिनं माझ्या तोंडावरनं ओळखलं.

दुसऱ्या दिवशी मी चेअरमनांना निरोप पाठवला. ते खाली आले, खुर्ची ओढून बसले, चहा घेतला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगतो. म्हणाले, “तुम्ही आधी का नाही बोलला? जिन्याजवळची जागा तुमची. माझ्या शब्दावर. कुणी गाडी लावली तर मला सांगा, मी बघतो त्याच्याकडं.”

“शब्द नको साहेब. ठराव करू. सगळ्यांसाठीच करू.”

त्यांच्या कपाळावर आठी पडली. “म्हणजे माझा शब्द पुरत नाही?”

कसं सांगणार? आम्ही बौद्ध. माझे वडील केंदूरला दुसऱ्यांच्या रानात राबले. गावात पाणी मिळायचं ते कुणाच्या तरी शब्दावर, आणि तो माणूस रुसला की पाणी बंद. वडील मला एकच सांगायचे, दया मागू नकोस, नियम माग. मी शाळेत गेलो, नोकरीला लागलो, सोसायटीत शेअर घेतला तो या एका वाक्याच्या बळावर. आता पाय नसताना मी पुन्हा कुणाच्या शब्दावर जगायचं?

“मग आणा ठराव,” ते उठत म्हणाले. “कमिटीपुढं इतर कामं आहेत. सभा पाहिजे असेल तर रीतसर मागणी करा.”

रीतसर म्हणजे काय हे मी पुस्तिकेत वाचलं. एक पंचमांश सभासदांनी सह्या करून मागणी केली की कमिटीला खास सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. सोळांचा पाचवा हिस्सा तीनच्या वर जातो, म्हणून चार सह्या. एक माझी. तीन आणायच्या.

बायको म्हणाली, “कागद माझ्याकडं द्या, मी फिरते.”

“नको. ज्याचं काम त्यानं जायचं.”

एका रविवारी सकाळी मी जिना चढलो. चढलो म्हणजे पायरीकडं पाठ करून बसलो आणि हातांवर जोर देऊन एकेक पायरी मागं सरकत गेलो. कागद दातांत धरला होता. पहिल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तळहात सोलवटले. तिथं शाळेतल्या बाई राहायच्या, एकट्या. त्यांच्याकडं साधी सायकलसुद्धा नव्हती. त्यांनी दार उघडलं, मला फरशीवर बसलेला बघितलं आणि आत न बोलावता त्याच माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. कागद दोनदा वाचला.

“सही करते. पण माझं एक म्हणणं सभेत मांडायचं. माझ्याकडं गाडी नाही. अंगण मात्र माझंही आहे. त्याचं काय?”

“मांडा बाई. तेच तर ठरवायचं आहे.”

दुसरी सही पोस्टातल्या कारकुनांची मिळाली. तिसरीसाठी मी सगळे मजले फिरलो. एकानं सांगितलं, चेअरमनांशी वाकडं नको. एकानं दारच उघडलं नाही, आतून रेडिओ ऐकू येत होता. फियाटवाल्यानं मला पाणी दिलं आणि सही दिली नाही. शेवटच्या मजल्यावर मी भिंतीला टेकून बसलो आणि वाटलं, आता खाली उतरायचंही बळ नाही, इथंच पडून राहावं. तेवढ्यात तिथंच राहणारे रेल्वेतले गार्ड ड्यूटीवरनं आले. त्यांची स्कूटर आठवड्यातनं चार दिवस रस्त्यावर असायची, अंगणात जागा नसल्यानं. त्यांनी उभ्या उभ्या सही केली आणि मला उचलून खाली आणलं. मला उचललेलं आवडत नाही. त्या दिवशी उचलू दिलं.

सभेची नोटीस लागली. बाईंच्या शाळेच्या एका वर्गात सभा भरली. सोळांतले चौदा आले, कोरम झाला. चेअरमन अध्यक्षस्थानी, सेक्रेटरी इतिवृत्त लिहायला. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेली.

पहिला वाद जागेच्या मालकीचा. फियाटवाला म्हणाला, “मी चार वर्षं तिथं गाडी लावतोय. ती जागा माझीच झाली.”

बाई उभ्या राहिल्या. “गाळा तुमचा. अंगण सोसायटीचं. तुम्ही चार वर्षं लावलीत म्हणजे आम्ही चार वर्षं लावू दिली, एवढंच.”

मग मोजणी झाली. अंगणात वाट मोकळी ठेवून दहा गाड्या मावतात. दोन जागा फाटकाजवळ पाहुण्यांना ठेवल्या तर उरतात आठ. गाड्या असलेली घरं अकरा, त्यात चेअरमनांकडं जीप आणि स्कूटर दोन्ही. माझी तीनचाकी धरायची की नाही यावरही बोलणं झालं. कुणी म्हणालं, तिला नंबर नाही, आरसी बुक नाही. बाई म्हणाल्या, “चाकांवरनं माणूस कामाला जातो ना? मग ती गाडी.” अशी घरं बारा झाली.

तीन तास चाललं. शेवटी ठराव झाला तो असा: कुठलीही जागा कुणाच्या मालकीची नाही, ती फक्त वर्षभर वापरायला. एका घराला एकच. गाडी सभासदाच्या किंवा त्याच्या घरच्या माणसाच्या नावावर पाहिजे. वाटप सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून. यंदा ज्यांना जागा मिळणार नाही त्यांना पुढच्या वर्षी आधी. जागा विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, आपसात बदलायचीही नाही. जिन्यापासून फाटकापर्यंतची वाट कायम मोकळी. गाडी ठेवणाऱ्यांनी दरमहा थोडं द्यायचं आणि त्यातनं अंगणाची डागडुजी, म्हणजे गाडी नसलेल्यांनाही त्याचा उपयोग. पाहुण्यांची गाडी आली की फाटकावरच्या पहारेकरी मामांनी वहीत गाडीचा नंबर, कुठल्या गाळ्यात आली आणि वेळ लिहायची. मुक्कामाला ठेवायची तर सेक्रेटरीची चिठ्ठी. ट्रॅक्टर आणि बैलगाड्या फाटकाबाहेर, लिंबाखाली.

आपसात बदलायची नाही, हे कलम माझं. एखादा वजनदार माणूस गरिबाला दाबून जागा बदलून घेईल, अशी माझी भीती.

चिठ्ठ्या टाकायच्या आधी चेअरमन म्हणाले, “एक जागा आधीच बाजूला काढू. जिन्याजवळची. यांना देऊन टाकू.” त्यांनी माझ्याकडं हात केला. “बिचाऱ्यांचे हाल बघवत नाहीत.”

‘बिचाऱ्यांचे’ या शब्दानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “नको. नियम सगळ्यांना एक. माझीही चिठ्ठी टाका.”

बाईंनी माझ्याकडं बघून हलकेच मान हलवली, नको म्हणून. मी नजर फिरवली.

बाईंनीच पितळी तांब्यातनं चिठ्ठ्या काढल्या. एक नंबर, जिन्याला लागून, चेअरमन. गार्डना पाच. चार घरं पुढच्या वर्षावर गेली. माझी चिठ्ठी निघाली आठ नंबरची. आठ म्हणजे अंगणाच्या पार टोकाला, हौदामागं. माझ्या दारापासून चाळीस-पंचेचाळीस पावलं.

चेअरमन लगेच म्हणाले, “माझी एक घ्या, मी आठ घेतो.”

सेक्रेटरीनं वही चाचपली. “आत्ताच ठराव झालाय साहेब, बदलायचं नाही.”

कुणीतरी हसलं. मी म्हणालो, “ठरावाप्रमाणेच होऊ द्या.” आवाज माझा होता, पण आतनं मी बुडत होतो.

उन्हाळा होता तोवर निभलं. मी कुबड्यांवर दहा पावलं जायचो, बायको मागनं स्टूल आणायची, मी बसायचो, पुन्हा दहा पावलं. चार वेळा बसायचं. बायको सायकल दारापर्यंत ढकलत आणते म्हणायची, पण वाट मोकळी ठेवायचा ठराव आहे म्हणून मी नको म्हणायचो. घरनं निघायला मी अर्धा तास आधी सुरुवात करायचो. शेजारी खिडकीतनं बघायचे. मी वेळेवर पोहोचत होतो आणि याचा मला ताठा होता.

आषाढात अंगणाचा चिखल झाला. आमच्याकडची माती काळी, चिकट. हौदापासून दारापर्यंतच्या चिखलात कुबडी रुतली की ओढून निघत नाही, आणि सायकलीची चाकंही तिथं फिरत नाहीत. मुरूम टाकायचं ठरलं होतं, पण त्यासाठी अजून तेवढे पैसे जमले नव्हते. एका आठवड्यात मी दोनदा पडलो. बायकोनं मला पाठीवर घेऊन सायकलीपर्यंत न्यायला सुरुवात केली. ती माझ्या खांद्याएवढी, हाडकुळी. मी तिच्या पाठीवर डोळे मिटून असायचो. ऑफिसात चिखलाचे कपडे बघून साहेबानं डॉक्टरांची तारीख जवळ आली आहे एवढंच सांगितलं.

त्या दिवसांत पार्सल ऑफिसच्या खिडकीतनं मी रुळांकडं फार वेळ बघत बसायचो. मनात काय यायचं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की गाडी येताना दिसली की मी खुर्चीचे हात घट्ट धरायचो.

मग एका सकाळी मला घेऊन जाताना तिचा पाय सरकला. ती तोंडावर पडली, मी तिच्यावर. तिच्या मनगटातनं कट असा आवाज आला. ती ओरडली नाही. चिखलात बसून तिनं डाव्या हातानं उजवा हात धरला आणि माझ्याकडं बघितलं.

“चिठ्ठी टाकली तवा माझं पाय कुणी मोजलं व्हतं?” ती म्हणाली.

मी तिच्या मनगटाला हात लावायला गेलो, तिनं ते मागं घेतलं.

“तुमाला दया नको, ते मला कळतं. पन ह्यो काय नियम हाय? ज्याला पाय हायेत त्यालाबी एक चिठ्ठी आन् ज्याला न्हाईत त्यालाबी एकच. हे सारखं कसं झालं?”

“मी मागितलं तर ते बिचारा म्हणतील.”

“म्हनू द्या. म्हंजी माझा हात मोडला तर चालंल, पन तुमाला कोन बिचारा म्हनायला नको.”

गार्ड आणि बाई धावत आले. तिला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं, प्लॅस्टर घातलं. मी घरात फरशीवर बसून राहिलो. त्या दिवशी रजा पडली. संध्याकाळी मी कागद घेतला आणि पुन्हा मागणी लिहिली: खास सभा, विषय, चालू न शकणाऱ्या सभासदाची जागा. पायांसाठी मी कधी रडलो नव्हतो, त्या कागदावर रडलो.

या वेळी कागद बाईंनी फिरवला. मी हो म्हणालो.

सभा पहिलीपेक्षा कडवट झाली. फियाटवाला म्हणाला, “त्यांनीच तर चिठ्ठी मागितली होती. आज यांना जागा दिली, उद्या कुणी दम्याचं सर्टिफिकेट आणेल, परवा कुणी संधिवाताचं. मग चिठ्ठ्या कशाला?”

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून मला अधिक लागलं. मी बोललो. “चूक माझी झाली. मला वाटलं, सगळ्यांना एक माप म्हणजे न्याय. मी मेहेरबानी मागत नाही. नियमच मागतोय, पण असा, की माझ्या जागी उद्या तुमच्यातला कुणी असला तर त्यालाही लागू होईल. सर्टिफिकेट सरकारी डॉक्टरचं असावं. दर वर्षी सभेनं ते पाहावं. मी गेलो की जागा पुन्हा चिठ्ठीत जावी.”

चेअरमननी विचारलं, “म्हणजे माझी एक नंबर जागा जाणार?”

“हो साहेब.”

“मी तेव्हा स्वतःहून देत होतो. तेव्हा घेतली नाहीत. आता सगळ्यांसमोर माझ्याकडनं काढून घेताय.”

हे खरं होतं. हात वर झाले: बाजूनं आठ, विरुद्ध पाच. चेअरमननी मत दिलं नाही. सेक्रेटरीनं इतिवृत्तात लिहिलं आणि एक नंबर माझ्याकडं आला. आठ नंबर चेअरमनांकडं गेला. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरांपुढं मी उभा राहिलो. साहेबानं दोन ओळी लिहिल्या, त्यात उशिराचे मेमोही लिहिले. मला एक वर्ष मिळालं. पुढच्या वर्षी आणखी एक. असं वर्षावर वर्ष. बायकोचं मनगट वाकडंच जुळलं. भाकरी थापताना ती मध्येच हात झटकायची, आणि ती हात झटकायची तेव्हा मी दुसरीकडं बघायचो.

तिचा हात मोडला त्याच वर्षीच्या दिवाळीत चेअरमनांचे वडील गावाहून आले, ऐंशीच्या घरातले. पाहुण्यांच्या दोन्ही जागा भरलेल्या होत्या. पहारेकरी मामांनी वही दाखवून जीप फाटकाबाहेर थांबवली. म्हातारा काठी टेकत, धापा टाकत अंगण ओलांडू लागला. हौदाशी तो थांबला, कंबरेवर हात ठेवून. मी माझ्या दारात बसलो होतो. बायको पाणी घेऊन गेली, “आबा, बसा जरा,” म्हणाली. त्यांनी पाणी घेतलं. चेअरमन वरून धावत आले, वडिलांचा हात धरला आणि आमच्याकडं न बघता त्यांना घेऊन गेले.

मार्चमधल्या वार्षिक सभेत मी विषय मांडला की म्हातारं, आजारी किंवा बाळंतीण माणूस असेल तर पाहुण्यांची गाडी जिन्यापर्यंत येऊ द्यावी, माणूस उतरवून लगेच बाहेर काढावी, आणि वहीत तसं लिहावं. एकमतानं पास झाला. चेअरमननीही हात वर केला. सभा संपल्यावर ते माझ्या सायकलीजवळनं गेले, क्षणभर थांबले, आणि न बोलता पुढं गेले.